नाशिकहून मुंबईला बदली: वाढलेल्या पगारातले हातात किती उरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदलीचं पत्र हातात पडलं की घरात पहिला प्रश्न येतो, "किती वाढवून देतायत?" त्याच्या उत्तरात टक्के सांगितले जातात, आणि टक्क्यांवर घर चालत नाही. म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. नवरा, बायको आणि तिसरीतली मुलगी असं कुटुंब. नाशिकला इंदिरानगर भागात भाड्याचा टू बीएचके. कंपनी त्यांना मुंबईला, बीकेसीच्या ऑफिसात पाठवतेय आणि ३० टक्के पगारवाढ देतेय. कराचे नियम आर्थिक वर्ष २०२५-२६ चे धरले आहेत. भाडं, फी, किराणा हे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे स्वतःचे टाकायचे.

इंटरनेटवर दोन शहरांच्या खर्चाची तुलना करणारे कॅल्क्युलेटर असतात. त्यात पगार टाकला की उत्तर मिळतं. ते चालणार नाही का?

ढोबळ अंदाज म्हणून बघायला हरकत नाही. त्यावर निर्णय मात्र घेऊ नका. हे कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा "मुंबई नाशिकपेक्षा इतके टक्के महाग" असा एक आकडा काढतात आणि तो तुमच्या सगळ्या पगाराला लावतात. पण तुमचा सगळा पगार काही शहरात खर्च होत नाही. गाडीचा हप्ता, विम्याचा प्रीमियम, एसआयपी, गावी आईला पाठवायचे पैसे, मोबाइलचं बिल, ऑनलाइन मागवलेले कपडे या गोष्टी नाशिकला जितक्याला पडतात तितक्यालाच मुंबईत पडतात. शहर बदलल्यावर बदलणाऱ्या ओळी सात-आठच असतात, आणि त्यांतली भाड्याची एक ओळ बाकी सगळ्यांना पुरून उरते.

दुसरी अडचण सरासरीची. मुंबईचं सरासरी भाडं म्हणून जे दाखवतात त्यात वांद्रे, वरळी, पवई सगळं एकत्र ढवळलेलं असतं. तुम्ही राहणार डोंबिवलीत नाहीतर ठाण्यात. त्या सरासरीचा तुम्हाला उपयोग नाही आणि धास्ती मात्र बसते.

म्हणून टक्के बाजूला ठेवून एकच गोष्ट मोजा: सगळं भागवून महिन्याच्या शेवटी नाशिकला किती उरत होते, आणि मुंबईत किती उरतील.

सीटीसीची सीटीसीशी तुलना केली तर?

नको. सीटीसीत कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, ग्रुप मेडिक्लेमचा प्रीमियम, वर्षअखेरीचा बोनस असं बरंच काही असतं आणि प्रत्येक पत्रात त्याची मांडणी वेगळी असते. कधीकधी जुन्या पत्रात बोनस सीटीसीबाहेर असतो, नव्यात तो आत घेतलेला असतो, आणि वाढीचा काही भाग तिथेच विरतो. दोन्ही पत्रं शेजारी ठेवा आणि एचआरकडून नव्या पगाराची महिन्याची नमुना पावती मागून घ्या. ती द्यायला कुणी खळखळ करत नाही.

आपल्या कुटुंबाचं असं आहे. नाशिकला ग्रॉस पगार महिना ८५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १० लाख २० हजार. बेसिक त्याच्या निम्मं, ४२,५००. त्यावर १२ टक्के पीएफ ५,१०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. नव्या करप्रणालीत पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे आणि त्यानंतरचं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर शून्य होतो. त्यामुळे आयकर नाही. हातात ७९,७०० येतात.

मुंबईचा ग्रॉस ३० टक्के वाढून १,१०,५०० होतो, वर्षाला १३ लाख २६ हजार. पीएफ ६,६३० आणि व्यवसाय कर तोच २००. पण आता आयकर लागतो, वर्षाला ५३,०४०, म्हणजे महिन्याला ४,४२०. हातात येतात ९९,२५०.

ग्रॉस २५,५०० ने वाढला, हातात आले १९,५५० जास्त. पीएफमधले १,५३० कुठे गेले नाहीत, ते तुमचेच आहेत, आणि तेवढेच कंपनीही वाढवून टाकते. पण घरभाडं पीएफमधून देता येत नाही, म्हणून ते वेगळ्या रकान्यात ठेवा.

१३ लाखांवर थोडाच तर पगार जातोय, मग एकदम ५३ हजार कर कसा?

ही जागा नीट समजून घ्या, कारण १० ते १४ लाखांच्या टप्प्यातल्या बदल्यांत घोळ नेमका इथेच होतो.

करपात्र उत्पन्न १२ लाख असेल तर सवलत मिळून कर शून्य होतो. १२ लाखांच्या वर गेलात की ती पूर्ण सवलत जाते आणि स्लॅबप्रमाणे कर बसतो: ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, त्यापुढे १६ लाखांपर्यंत १५ टक्के. म्हणजे १२ लाखांवर एक रुपया जास्त मिळाला तर साठ हजारांचा कर लागला असता. तसं होऊ नये म्हणून नियम असा आहे की १२ लाखांवर जेवढी रक्कम असेल त्याहून कर जास्त घ्यायचा नाही. आपल्या कुटुंबाचं करपात्र उत्पन्न १२ लाख ५१ हजार आहे. स्लॅबप्रमाणे कर ६७,६५० झाला असता, या नियमामुळे तो ५१,००० वर थांबतो. त्यावर ४ टक्के उपकर धरून ५३,०४०.

आता उलट बाजूने बघा. १२ लाखांवरचे ५१,००० रुपये पगारात आले आणि सगळेच्या सगळे करात गेले, वर उपकर. याच माणसाला कंपनीने ३० ऐवजी २५ टक्के वाढ दिली असती, म्हणजे ग्रॉस बरोबर १२ लाख ७५ हजार, तर हातात महिना ९९,६७५ आले असते. ३० टक्क्यांत येतात ९९,२५०. वाढ जास्त आणि हातातले पैसे चारशेने कमी! ग्रॉस १२ लाख ७५ हजारांपासून साधारण १३ लाख ४५ हजारांपर्यंत हाच प्रकार चालतो. त्या पट्ट्यातली वाढ तुम्हाला हातात दिसतच नाही.

मग त्यावर काही उपाय?

एक आहे, आणि तो पत्र अंतिम व्हायच्या आधी मागावा लागतो. नव्या करप्रणालीतसुद्धा कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा होते. आपल्या उदाहरणात बेसिक ५५,२५०, म्हणजे वर्षाला ९२,८२० पर्यंत मुभा आहे. कंपनीने ग्रॉसमधले ५१,००० या वाटेने दिले तर करपात्र उत्पन्न १२ लाखांवर येतं आणि कर शून्य होतो. हातात ९९,४२० येतात, आणि जे ५१,००० करात जाणार होते ते तुमच्या एनपीएसमध्ये जमा होतात. एनपीएसचे पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात हे खरं. पण सरकारजमा होण्यापेक्षा अडकलेले बरे, असं माझं मत.

सगळ्या कंपन्यांत ही सोय नसते. विचारायला मात्र काही पैसे पडत नाहीत.

मुंबई मेट्रो शहर आहे, एचआरएची सूट जास्त मिळते ना? भाडं वाढलं तरी करात वाचेल.

जुन्या करप्रणालीत मिळते, नव्यात एचआरएची सूट नाहीच. नव्या प्रणालीत पावतीवर "एचआरए" लिहिलेलं असलं तरी ती फक्त पगाराची एक ओळ आहे.

मग जुनी प्रणाली घ्यावी का? हिशोब करून बघू. मुंबईत एचआरए बेसिकच्या निम्मा, २७,६२५ धरला आणि भाडं २२,००० असलं तर सूट मिळते भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा करून, म्हणजे महिन्याला १६,४७५. वर्षाची जवळजवळ दोन लाख. शिवाय ५०,००० ची प्रमाणित वजावट, दीड लाखाची बचत आणि व्यवसाय कर. तरीही जुन्या प्रणालीत कर ९७ हजारांच्या वर जातो, उपकर वेगळा. भाडं ३६,००० केलं तरी सत्तर हजारांच्या खाली येत नाही. नव्या प्रणालीत ५१,००० लागतात. गृहकर्जाचं मोठं व्याज असेल तर चित्र पालटू शकतं, तेव्हा तुमच्या आकड्यांवर एकदा करून बघा. पण "मुंबईत भाडं करातून सुटतं" या ऐकीव वाक्यावर घर ठरवू नका.

घर नेमकं कुठे धरून हिशोब करायचा?

ऑफिसचा पत्ता धरायचा, शहराचं नाव नाही. बीकेसीत ऑफिस असेल तर नाशिकची बहुतेक माणसं मध्य रेल्वेच्या बाजूला घर बघतात, कारण शनिवारी-रविवारी घरी जायला कल्याण जवळ पडतं आणि रोज कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा किंवा बस मिळते. तेच ऑफिस अंधेरीला असतं तर घाटकोपरला उतरून मेट्रो, म्हणजे आणखी एक चढउतार. ऑफिस फोर्टला असतं तर डोंबिवलीहून थेट लोकल. एकच पगार या तीन ठिकाणी तीन वेगळे पगार आहेत.

भाडं विचारताना चार गोष्टी एकदम विचारा: मेंटेनन्स भाड्यात धरलाय का, कार्पेट किती, डिपॉझिट किती, पाणी किती वेळ. नाशिकच्या टू बीएचकेचा हॉल आणि डोंबिवलीच्या टू बीएचकेचा हॉल यांत फरक असतो, तुमचं सहा माणसांचं डायनिंग टेबल तिथे मावेलच असं नाही. पाण्याचा प्रश्न कल्याण-डोंबिवलीच्या बाहेरच्या नव्या सोसायट्यांत विशेष विचारा. टँकर लागत असेल तर त्याचे पैसे मेंटेनन्समधून फिरून तुमच्याकडेच येतात.

जाहिरातीतलं भाडं आणि ठरलेलं भाडं यांत फरक पडतो. त्याच बिल्डिंगमधल्या वॉचमनला किंवा सोसायटीच्या ऑफिसात विचारलं की खरा आकडा कळतो.

आता सगळा हिशोब एकदा मांडून दाखवा.

महिन्याला बदलणाऱ्या ओळी एवढ्याच:

| खर्च | नाशिक | डोंबिवली | ठाणे |
|---|---|---|---|
| भाडं, मेंटेनन्ससह (टू बीएचके) | १६,००० | २२,००० | ३६,००० |
| ऑफिसला जाणं-येणं | १,५०० | ४,००० | ३,२०० |
| शाळेची फी आणि बस | ४,००० | ६,५०० | ६,५०० |
| धुणंभांडी, केर-लादी | २,५०० | ४,००० | ४,५०० |
| बाहेरचं खाणं, ऑफिसातला डबा-चहा | ३,००० | ५,००० | ५,००० |
| किराणा, भाजी, दूध | १४,००० | १५,५०० | १५,५०० |
| वीज | १,८०० | २,००० | २,००० |
| नाशिकला जाणं-येणं | ० | २,५०० | २,५०० |
| एकूण | ४२,८०० | ६१,५०० | ७५,२०० |

डोंबिवलीत राहिलं तर खर्च १८,७०० ने वाढतो. हातात १९,५५० वाढले होते. उरले ८५० रुपये. ३० टक्क्यांच्या पगारवाढीतून महिन्याला ८५०, आणि पीएफमध्ये दोन्ही हिस्से मिळून ३,०६०.

ठाण्यात राहिलं तर खर्च ३२,४०० ने वाढतो, म्हणजे नाशिकला महिन्याला जे उरत होते त्यातूनच १२,८५० कमी होतात.

किराण्याची ओळ बघा. लोक मुंबईच्या महागाईबद्दल बोलताना भाजीचे भाव सांगतात, पण तिथे फरक दीड हजाराचा आहे. तेल, डाळ, साखर, सिलिंडर यांचे भाव दोन शहरांत फारसे वेगळे नसतात. विजेचंही तसंच. नाशिकला महावितरण आहे आणि डोंबिवलीतही महावितरणच, म्हणून दरपत्रक एकच. थोडा फरक पडतो तो उकाड्यामुळे पंखे-एसी जास्त चालतात म्हणून. खरा घाव भाडं, शाळा आणि माणसांच्या कामाचे दर या तीन ठिकाणी बसतो.

शेवटची ओळ, नाशिकला जाण्याची, ती कशाला धरायची? ती हौस झाली.

आईवडील तिथे असतील तर ती हौस राहत नाही. पहिल्या वर्षी तर महिन्यातून एकदा जाणं होतंच: दवाखाना, लग्नकार्य, घरपट्टी भरायची, नळ गळतोय. पंचवटी एक्सप्रेस कल्याणला थांबते म्हणून डोंबिवलीकराला ती सोयीची, आणि तिचं तिकीटही फार नाही. खर्च होतो तो नाशिकरोडपासून घरापर्यंतच्या रिक्षेत, आणि "आलोच आहे तर" म्हणून केलेल्या खरेदीत. दिवाळी-गणपतीत गाडी भाड्याने करावी लागते तेही यातच येतं.

रेल्वेचा पास तर स्वस्त असतो. मग प्रवासाचे चार हजार कसे?

पास खरंच स्वस्त आहे. मुंबईत रोजच्या प्रवासातला सर्वांत लांबचा टप्पा सर्वांत कमी पैशांत होतो, पैसे जातात ते दोन टोकांना. घरापासून डोंबिवली स्टेशन शेअर रिक्षा, कुर्ल्याहून बीकेसी पुन्हा शेअर रिक्षा, संध्याकाळी तेच उलट. दिवसाला चार रिक्षा आणि महिन्याला बावीस दिवस, हे फर्स्ट क्लासच्या पासापेक्षाही जास्त होतात. त्यात पावसाळ्यातल्या दोन-चार कॅब मिळवा. घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असेल तर दोन हजार जास्त भाडं देऊनही बहुतेक वेळा बरोबरी होते, आणि रिक्षाच्या रांगेतली वीस मिनिटं वाचतात.

प्रवासात जाणाऱ्या वेळाची किंमत कशी काढायची?

आधी वेळ खरी मोजा. रिकाम्या रविवारी नकाशावर दिसणारी वेळ उपयोगाची नाही. बदली होकारायच्या आधी एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी आठ-सव्वाआठला डोंबिवली स्टेशनवर उभे राहा आणि ऑफिसच्या दारापर्यंत जा. घर ते स्टेशन पंधरा मिनिटं, प्लॅटफॉर्मवर दहा, गाडीत पंचेचाळीस, कुर्ल्याहून पुढे पंचवीस, असं धरून एका बाजूला दीड तासाच्या वर जातं. ठाण्याहून हेच सत्तर मिनिटांत होतं. म्हणजे दिवसाला पन्नास मिनिटांचा फरक, महिन्याला अठरा तास.

ठाण्याचं घर एकूण १३,७०० ने महाग पडतंय. त्याला अठराने भागलं तर वाचवलेला एक तास ७६० रुपयांना पडतो. तुमचा ऑफिसातला एक तास, ९९,२५० ला बावीस दिवस आणि नऊ तासांनी भागून, ५०० रुपयांचा आहे. या हिशोबाने ठाणे परवडत नाही.

पण हा भागाकार एवढ्यावर सोडू नका. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत. तुमच्या वेळेला त्यांतली एखादी मिळत असेल आणि बसायला जागा मिळत असेल तर तो पाऊण तास वाया जात नाही, लोक त्यात झोप काढतात, अभ्यास करतात. ठाण्याहूनही लोकल सुटतात, पण त्यांतली मिळाली नाही तर भरून आलेल्या गाडीत घुसावं लागतं. उलट, पाठीचा त्रास असेल किंवा घरी लहान बाळ असेल तर ७६० रुपये कमीच वाटतील. किंमत काढायची ती निदान आपण कशाला किती मोजतोय हे दिसावं म्हणून.

बायकोचं इथलं काम सुटणार आहे. ते कसं धरायचं?

सरळ वजा करायचं. हा आकडा बहुतेक तक्त्यांत नसतो आणि तोच सगळ्यात मोठा असू शकतो. समजा ती इंदिरानगरला घरी शिकवण्या घेते आणि महिना १०,००० मिळवते. डोंबिवलीत पहिल्या दिवशी एकही मूल येणार नाही. ओळखी होऊन वर्ग भरायला एखादं शैक्षणिक वर्ष जातं. म्हणजे पहिल्या वर्षी ८५० उरणार नाहीत, ९,१५० कमी पडतील. तिची नोकरी असेल आणि तिलाही बदली मिळण्यासारखी असेल तर तिचं पत्र हातात येईपर्यंत स्वतःचं "हो" लांबवता येतं का बघा. आणि हा हिशोब दोघांनी बसूनच करावा, एकाने करून दुसऱ्याला सांगायचा नाही.

आम्ही नाशिकला स्वतःच्या घरात राहतो. मग?

तर नाशिकच्या रकान्यातली १६,००० ची ओळ बहुतेक जाते, फक्त मेंटेनन्स राहतो, आणि मुंबईला जाणं तेवढ्याने महाग होतं. रिकामा फ्लॅट भाड्याने देता येईल, पण बाराच्या ऐवजी अकरा महिन्यांचं भाडं धरा, कारण भाडेकरू बदलताना एखादा महिना रिकामा जातोच. भाड्याचं उत्पन्न ३० टक्के वजावटीनंतर तुमच्या करपात्र उत्पन्नात मिळतं, तेव्हा वर सांगितलेली १२ लाखांची रेषा पुन्हा तपासा. एनपीएसने खाली आणलेलं उत्पन्न भाड्याने परत वर जाऊ शकतं. आणि त्या घरात आईवडील राहत असतील तर भाड्याचा प्रश्नच नाही, तिथलं वीजबिल आणि मेंटेनन्स चालूच राहणार.

एकदाच होणारे खर्च कोणते?

ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं २२,०००. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवणं बंधनकारक आहे. मुद्रांक शुल्क भाडं आणि डिपॉझिटच्या हिशोबाने पाव टक्का, नोंदणी फी आणि एजंटचे पैसे धरून तीन हजारांत होतं. ट्रक आणि हमाली वीस हजार. शाळेचे प्रवेशाच्या वेळचे पैसे, गणवेश, पुस्तकं तीस हजार. हे ७५,००० गेले ते गेले. डिपॉझिट परत मिळतं, पण डोंबिवलीत लाख रुपये भरावे लागले आणि नाशिकचे चाळीस परत आले तर मधले साठ हजार अडकले. नाशिकचे चाळीससुद्धा रंगकामाचे पैसे कापून येतात, तेव्हा घर ताब्यात देताना फोटो काढून ठेवा. आणि जुन्या घराची एक महिन्याची नोटीस वेळेत दिली नाही तर दोन घरांचं भाडं एकदम पडतं.

दोन वर्षं मुंबईत राहणार असं धरलं तर ७५,००० चे महिन्याला ३,१२५ होतात. म्हणजे नाशिकइतकेच पैसे उरायला हातात २१,८२५ वाढायला हवेत, आणि त्यासाठी ग्रॉस साधारण १३ लाख ८३ हजार लागतो. ती ३५-३६ टक्के वाढ झाली. तीही फक्त बरोबरी साधायला.

मग कंपनीकडे काय मागायचं? ३६ टक्के म्हटलं तर हसतील.

हसतीलच, कारण पगारवाढ दर वर्षी द्यावी लागते आणि ती त्यांच्या श्रेणीत बसावी लागते. बदलीचा खर्च एकदाच द्यायचा असतो आणि तो वेगळ्या खात्यातून जातो, तिथे साहेबाला हात मोकळा असतो. ट्रक, ब्रोकरेज, पंधरा दिवसांचं गेस्ट हाउस, शाळेचे प्रवेश-पैसे ही यादी आकड्यांसह लिहून द्या. आपल्या उदाहरणात कंपनीने ते ७५,००० उचलले तर ३० टक्क्यांतसुद्धा डोंबिवलीचा मेळ बसतो. सामान हलवण्याचा आणि प्रवासाचा खर्च बदलीचा भत्ता म्हणून बिलांवर घेतला तर त्यावर कर लागत नाही, तोच पगारात मिसळून "जॉइनिंग बोनस" म्हणून घेतला तर लागतो.

वाढीचा काही भाग "सिटी अलाउन्स" म्हणून देत असतील तर विचारा की नाशिकला परत आल्यावर त्याचं काय. तो बहुधा काढून घेतला जातो. बेसिकमध्ये मिळालेली वाढ परत जात नाही आणि पीएफ, ग्रॅच्युइटी तिच्यावरच मोजतात.

सरकारी नोकरीत हे सगळं कसं बसतं?

बेसिक आणि महागाई भत्ता शहराप्रमाणे बदलत नाही, प्रामुख्याने घरभाडे भत्ता बदलतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना एक्स, वाय, झेड या वर्गांतल्या शहरांत अनुक्रमे बेसिकच्या ३०, २० आणि १० टक्के मिळतात. नाशिक वाय, मुंबई एक्स. बेसिक ५०,००० असेल तर भत्ता १०,००० वरून १५,००० होतो. पाच हजारांत नाशिक आणि मुंबईच्या भाड्यातला फरक भरून निघत नाही, म्हणून तिथे सगळा खेळ क्वार्टर मिळण्यावर असतो. क्वार्टरची प्रतीक्षायादी किती लांब आहे हे तिथल्या कार्यालयात फोन करून आधीच विचारा.

बदली ऑक्टोबरमध्ये आहे. त्याने काही फरक पडतो?

दोन ठिकाणी. पहिला शाळेचा: अधल्या मधल्या महिन्यात चांगल्या शाळेत जागा मिळणं कठीण. पुष्कळ जण मार्चपर्यंत कुटुंब नाशिकलाच ठेवतात आणि स्वतः पीजीत राहतात. मग ते सहा महिने दोन घरांचा खर्च धरा.

दुसरा कराचा, आणि हा फसवा आहे. एप्रिल ते सप्टेंबर ८५,००० आणि पुढचे सहा महिने १,१०,५०० धरले तर त्या वर्षाचा पगार ११ लाख ७३ हजार होतो, म्हणजे कर शून्य. मुंबईतले पहिले सहा महिने हातात १,०३,६७० येतील, आणि त्या आकड्यावर कुणी ठाण्यातलं घर पक्कं करतं. एप्रिल उजाडला की कराची कपात सुरू होते आणि हातात ९९,२५० येतात. घर ठरवताना एप्रिलनंतरचीच पावती समोर ठेवा.

मुंबईहून नाशिकला परत बदली असेल आणि पगार वाढतच नसेल तर?

तोच तक्ता उलटा वाचा. डोंबिवलीच्या कुटुंबाचा खर्च १८,७०० ने कमी होईल. पगार ९९,२५० तसाच राहिला तर ती सगळी बचत. एवढंच की नाशिकला दुचाकीवर भागतंय हे गृहीत धरलंय. ऑफिस अंबडला किंवा सातपूरला असेल तर भागतं. सिन्नरच्या एमआयडीसीत असेल आणि कंपनीची बस नसेल, तर चारचाकीचं पेट्रोल आणि टोल पकडून जाण्या-येण्याची ओळ पुन्हा लिहावी लागेल.